आफ्रिकेबाहेरच्या फसलेल्या वाटा आणि टिकलेली एक

इस्राएलमधल्या हैफा शहराला लागून कार्मेल डोंगराची रांग आहे. तिथल्या स्खूल गुहेत आणि नाझरेथजवळच्या काफ्झे गुहेत १९३० च्या दशकात खोदकाम झाले तेव्हा बरेच सांगाडे निघाले. उंच कपाळ, गोलसर कवटी, पुढे आलेली हनुवटी: माणसे उघडच आपल्या जातीची होती. याच टापूतल्या इतर गुहांत निअँडरथल माणसांचीही हाडे मिळत होती. बहुतेक अभ्यासकांनी सोपा क्रम मनात धरला. आधी दणकट बांध्याचे निअँडरथल, मग त्यांच्यातूनच घडलेले किंवा त्यांच्या जागी आलेले आधुनिक मानव. हा क्रम पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकला.

१९८७-८८ मध्ये तो उलटा झाला. गारगोटीचा तुकडा चुलीत पडून भाजला की त्याच्या स्फटिकांत साठलेली ऊर्जा निघून जाते आणि मोजणी शून्यावर येते. पुढे मातीतल्या सूक्ष्म किरणोत्सारामुळे ती ऊर्जा पुन्हा संथपणे साठत राहते. प्रयोगशाळेत तो तुकडा तापवला तर साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून तो शेवटचा कधी भाजला गेला हे काढता येते. एलेन व्हालादास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरली. केबारा गुहेतल्या निअँडरथलचे वय सुमारे ६० हजार वर्षे आले, तर काफ्झेतल्या आधुनिक मानवांचे ९२ हजार. ज्यांना वंशज मानले होते ते आधीचे निघाले.

याचा सरळ अर्थ असा की आधुनिक मानव आफ्रिकेबाहेर आला, इथल्या गुहांत राहिला, त्याने आपले मृत पुरले, आणि मग तो इथून नाहीसा झाला. हवामान थंड झाल्यावर त्या जागी निअँडरथल आले. आधुनिक मानवाची याच भागातली पुढची ठळक खूण मानोत गुहेतल्या कवटीच्या रूपाने मिळते, आणि ती आहे सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीची. मधली हजारो वर्षे रिकामी आहेत.

माणूस आफ्रिकेतून बाहेर कधी पडला, हा प्रश्न त्यामुळे थोडा चुकीचाच विचारला जातो. तो अनेकदा पडला. कार्मेलमधल्याच मिस्लिया गुहेतल्या जबड्याच्या तुकड्याचे वय २०१८ मध्ये १ लाख ७७ हजार ते १ लाख ९४ हजार वर्षे असे जाहीर झाले. ग्रीसमधल्या अपिदिमा गुहेतल्या कवटीच्या मागच्या भागाला कॅतेरिना हार्वाती यांच्या गटाने २०१९ मध्ये २ लाख १० हजार वर्षे वय दिले. तो तुकडा आधुनिक मानवाचाच आहे का, यावर मात्र एकमत नाही. सौदी अरेबियाच्या नफूद वाळवंटात अल-वुस्ता इथे मिळालेले बोटाचे एकच हाड सुमारे ८५ ते ९० हजार वर्षांपूर्वीचे आहे. आज तिथे मैलोन्‌मैल वाळू आहे. तेव्हा गोड्या पाण्याचे तळे होते.

तळे होते याला कारण पृथ्वीच्या अक्षाचे डुलणे. सुमारे २०-२२ हजार वर्षांच्या चक्रात उत्तर गोलार्धातला उन्हाळा कधी तीव्र होतो, कधी सौम्य. तो तीव्र झाला की मोसमी पाऊस उत्तरेकडे सरकतो आणि सहारा-अरबस्तानात गवत उगवते. प्राणी त्या गवतामागे जातात आणि माणसे प्राण्यांमागे. पाऊस परत फिरला की दार बंद होते आणि पलीकडे गेलेले तिथेच अडकतात. हे दार वारंवार उघडत असेल, तर अशा किती टोळ्या गेल्या असतील आणि त्यांच्यातल्या कितींचे रक्त आज कोणाच्या अंगात आहे? या दुसऱ्या प्रश्नाला हाड उत्तर देत नाही. ते फक्त सांगते की इथे एक माणूस मेला.

रक्ताचा हिशेब जनुकांकडे आहे. १९८७ मध्येच बर्कलीच्या रेबेका कान, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १४७ जणांचा, बहुतेकांच्या वारेतून, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वेगळा केला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्याच्यातल्या बदलांवरून मातृवंशाचा वृक्ष मांडता येतो. वृक्षाचे मूळ आफ्रिकेत निघाले, वय सुमारे २ लाख वर्षे. या कामात कच्चे दुवे होते, आणि टीकाकारांनी ते सोडले नाहीत. आफ्रिकी म्हणून घेतलेल्या २० जणांपैकी १८ जण अमेरिकेतले कृष्णवर्णीय होते. शिवाय संगणकाने दिलेला वृक्ष माहिती कोणत्या क्रमाने भरली यावरही बदलत होता. पुढे थेट आफ्रिकेतले नमुने घेतले गेले, पद्धत सुधारली, आणि निष्कर्ष तरीही तोच राहिला. वृत्तपत्रांनी त्या मूळ स्त्रीला ‘ईव्ह’ म्हणून गाजवले. त्या काळात ती एकटीच बाई होती, असा अनेकांचा समज झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तिच्या काळात हजारो स्त्रिया होत्या. इतरांच्या आई-ते-मुलगी अशा सलग साखळ्या पुढे कधीतरी खुंटल्या, एवढेच.

या वृक्षात लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. आफ्रिकेत मातृवंशाच्या अनेक जुन्या फांद्या आहेत. आफ्रिकेबाहेरचे मूळ रहिवासी मात्र, सिडनीपासून स्टॉकहोमपर्यंत, एकाच फांदीच्या दोन डहाळ्यांवर बसलेले आहेत. फांदीचे नाव एल-३, डहाळ्यांची नावे एम आणि एन. भारतात निम्म्याहून अधिक लोकांची मातृशाखा एम आहे. बाकीच्या जीनोममध्येही हेच दिसते: पूर्व आफ्रिकेपासून जमिनीच्या वाटेने जितके दूर जावे तितकी स्थानिक लोकांमधली जनुकीय विविधता घटत जाते. प्रत्येक टप्प्यावर मोठ्या समूहातून लहान गट पुढे निघाला आणि सोबत फक्त आपल्यापुरते जनुकीय वैविध्य घेऊन गेला, तर असाच उतार मिळेल. म्हणजे आज आफ्रिकेबाहेर जगणाऱ्यांचा जवळपास सगळा वारसा एकाच, आणि तोही छोट्या, स्थलांतरातून आलेला असावा.

मग स्खूल, मिस्लिया, अल-वुस्ताची माणसे? ती त्या स्थलांतराच्या आधीची, आणि फसलेली. पण “आधीची” म्हणजे किती आधीची? टिकलेले स्थलांतर नेमके कधीचे? मायटोकॉन्ड्रियावरून काढलेली वये डीएनएत बदल साचण्याच्या वेगावर अवलंबून असतात, आणि तो वेग गृहीत धरताना थोडा फरक पडला तरी दहा-वीस हजार वर्षे इकडची तिकडे होतात. दुसरे, स्वतंत्र घड्याळ हवे होते. ते सैबेरियात, एका मांडीच्या हाडात मिळाले.

२००८ मध्ये पश्चिम सैबेरियातल्या उस्त-इशिम गावाजवळ इर्तिश नदीच्या काठावर हस्तिदंतावर कोरीव काम करणारा एक कलावंत मॅमथचे सुळे शोधत होता. खचलेल्या काठात त्याला माणसाच्या मांडीचे हाड दिसले. सोबत अवजार नाही, गुहा नाही, थडगे नाही. पुरातत्त्वाच्या दृष्टीने असे सुटे हाड जवळपास निरुपयोगी. पण ते थंडीत राहिले होते. थंडीत डीएनए टिकतो. लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेत स्वांते पाबो यांच्या गटाने त्यातून संपूर्ण जीनोम वाचला. जीनोममधली जवळजवळ प्रत्येक जागा सरासरी ४० हून अधिक वेळा वाचून पडताळली गेली, म्हणजे जिवंत माणसाच्या रक्ताच्या तपासणीइतकी अचूकता आली. हाडातल्या कोलॅजनवरून कार्बन पद्धतीने वय निघाले सुमारे ४५ हजार वर्षे. हा सगळा तपशील २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता घड्याळाची रचना. २०१० मध्ये पाबो यांच्याच गटाने क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून निअँडरथलचा जीनोम मांडला होता. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसाच्या जीनोममध्ये सुमारे २ टक्के भाग निअँडरथलकडून आलेला आहे, हे त्यातून कळले. युरोपियन असो, चिनी असो वा भारतीय, प्रमाण साधारण सारखेच. म्हणजे हा संकर आफ्रिकेतून बाहेर पडल्यावर, पण लोक चहूकडे पांगण्याआधी झालेला असणार. आणि हा संकर मागे तारखेची खूण ठेवतो. निअँडरथल बापाचे किंवा आईचे मूल घ्या: त्याच्या प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र अख्खे निअँडरथलचे असते. ते मूल स्वतः आई-बाप होते तेव्हा त्याची दोन्ही गुणसूत्रे जागोजागी तुटून एकमेकांशी जोडली जातात आणि मगच पुढच्या पिढीला जातात. आजीच्या लुगड्याचे तुकडे आईच्या गोधडीत, तिचे तुकडे लेकीच्या दुपट्यात जावेत, तसा तो मूळ कपडा दर पिढीला आणखी बारीक होत जातो. तुकडे किती लांब उरलेत ते मोजले की मधे किती पिढ्या गेल्या ते कळते.

हिशेब अगदी ढोबळ करून पाहता येतो. जीनोमच्या सुमारे १० कोटी अक्षरांच्या लांबीत दर पिढीला सरासरी एक तुटणे-जोडणे होते. संकराला ३०० पिढ्या झाल्या असतील तर तुकडा सरासरी १० कोटी भागिले ३००, म्हणजे ३ लाख अक्षरांच्या आसपास लांब उरेल. आजच्या माणसासाठी पिढीला २९ वर्षे धरली तर ५० हजार वर्षांत सुमारे १,७०० पिढ्या होतात आणि तुकडे ६० हजार अक्षरांवर येतात. उस्त-इशिमच्या माणसाच्या अंगातले तुकडे आजच्या माणसांपेक्षा स्पष्टपणे लांब होते. तपशीलवार हिशेबातून उत्तर आले ते २३२ ते ४३० पिढ्या. त्याच्या जन्मापूर्वी ७ ते १३ हजार वर्षे, म्हणजे आजपासून ५० ते ६० हजार वर्षांपूर्वी संकर झाला होता.

या पद्धतीचे सौंदर्य असे की इथे डीएनए बदलण्याच्या वेगाचा मोठा आधार घ्यावा लागत नाही. हाडाचे वय कार्बनवरून, पिढ्या तुकड्यांवरून. दोष कुठे येऊ शकतो तेही ठाऊक आहे. संकर एकाच झटक्यात झाला असे धरले आणि प्रत्यक्षात तो हजारो वर्षे चालला असेल, तर नवे लांब तुकडे जुन्या आखूड तुकड्यांत मिसळतात आणि तारीख सरकते. दुसरे, तुटण्याचा वेग गुणसूत्रावर सगळीकडे सारखा नसतो. म्हणून एका हाडावर भागत नव्हते.

पुढच्या दहा वर्षांत पुष्कळ जीनोम जमले. त्यातले सर्वांत नाट्यमय उदाहरण रोमानियातल्या ओआसे गुहेतला जबडा. वय सुमारे ४० हजार वर्षे, निअँडरथल वारसा ६ ते ९ टक्के, आणि काही तुकडे इतके लांब की त्याचा खापरपणजोबा किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे चार-सहा पिढ्यांतला कोणी पूर्वज चक्क निअँडरथल होता. जर्मनीतल्या रानिस इथे किल्ल्याखालच्या गुहेत हाडांचे छोटे तुकडे होते. त्यांतून किमान सहा माणसांचा डीएनए मिळाला, त्यात एक आई आणि तिची मुलगी. सुमारे २३० किलोमीटर दूर, झेक प्रजासत्ताकातल्या झ्लाती कून इथल्या स्त्रीच्या कवटीशी रानिसच्या दोघांचे पाचव्या-सहाव्या पायरीचे नाते निघाले. ४५ हजार वर्षांपूर्वीच्या युरोपात इतक्या अंतरावर नातेवाईक सापडावेत याचा अर्थ माणसे फारच थोडी होती. सगळा समूह काही शेकड्यांचा असावा.

या जीनोमांवरचे दोन अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये आले आणि दोघांनी संकराचा काळ आणखी अलीकडे आणला. एकाचे उत्तर ४५ ते ४९ हजार वर्षांपूर्वी, दुसऱ्याचे साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वी, म्हणजे सुमारे ७ हजार वर्षे चाललेला संपर्क. आफ्रिकेबाहेरच्या सर्वांना हाच वारसा असल्यामुळे त्यांचे समाईक पूर्वज त्या वेळेपर्यंत एकत्र, किंवा निदान परस्परांच्या संपर्कात होते. उस्त-इशिम, ओआसे, रानिस या तिन्ही ठिकाणच्या लोकांचा आजच्या कोणाच्याही जीनोममध्ये ठळक वाटा नाही. म्हणजे टिकलेल्या स्थलांतरातल्याही अनेक टोळ्या नंतर फसल्याच.

आधीच्या लाखभर वर्षांत जे जमले नाही ते याच वेळी का जमले? २०२५ मध्ये एमिली हॅलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या जुन्या वस्त्यांच्या जागा आणि त्या-त्या काळचे हवामान जुळवून पाहिले. सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीपासून माणूस पूर्वी टाळत असे ती दाट अरण्ये आणि कोरडी वाळवंटे वापरू लागल्याचे त्यांना दिसले. आधीच्या टोळ्या हिरव्या पट्ट्यासोबत बाहेर आल्या आणि तो पट्टा आक्रसला तशा संपल्या. नंतरच्यांना पट्ट्याची गरज उरली नव्हती. आजवर दिलेल्या कारणांमध्ये हे सर्वांत पटण्याजोगे आहे, कारण यात मेंदूत अचानक पेटलेल्या दिव्याची गरज पडत नाही.

पूर्वेकडे गेले की घड्याळ आणि माती यांचे भांडण जुंपते. दक्षिण चीनमधल्या फूयान गुहेतून ४७ मानवी दात निघाले आणि २०१५ मध्ये त्यांचे वय ८० हजार ते १ लाख २० हजार वर्षे सांगितले गेले. तर्क असा होता: दात चुनखडीच्या घट्ट थराखाली होते, थराचे वय युरेनियमवरून निघाले ८० हजार, म्हणून दात त्याहून जुने. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने त्या गुहेतल्या दातांचीच थेट तपासणी केली. कार्बन आणि डीएनए दोघांनी सांगितले की दात फार तर काही हजार वर्षांचे आहेत. गुहेत पाणी वाहते, माती पोखरते, आणि वरचे दात जुन्या थराखालच्या पोकळीत जाऊन बसतात. मूळ संशोधकांना हा निकाल मान्य नाही. पण धडा इतर गुहांनाही लागू होतो: थराचे वय म्हणजे हाडाचे वय नव्हे. लाओसमधल्या ताम पा लिंग गुहेतल्या हाडांना ७०-८० हजार वर्षांपर्यंतची वये दिली जातात, तीसुद्धा मुख्यतः सभोवतालच्या मातीवरून.

सर्वांत अवघड ठिकाण उत्तर ऑस्ट्रेलियातले माजेदबेबे. तिथल्या कातळाच्या आडोशाखाली वाळूच्या थरांत हजारो दगडी अवजारे, गेरू आणि घासलेल्या कडांच्या कुऱ्हाडी मिळाल्या. वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते मोजून २०१७ मध्ये तळच्या थराला सुमारे ६५ हजार वर्षे वय दिले गेले. विरोधकांचे म्हणणे असे की वाळवीने वारूळ करताना वाळू वर आणली आणि अवजारे हळूहळू खाली, जुन्या वाळूत उतरली. उत्खनन करणारे उत्तर देतात की एकाच दगडाचे फुटलेले तुकडे एकाच पातळीवर मिळाले. सगळे खाली घसरले असते तर ते विखुरले असते. दोन्ही युक्तिवाद नेटके आहेत. अडचण अशी की ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या अंगात इतरांइतकाच निअँडरथल वारसा आहे. त्यांचे पूर्वज ५० हजार वर्षांपूर्वीच्या संकरात सामील असतील, तर ६५ हजार वर्षांपूर्वी ते समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात असू शकत नाहीत. एकतर माजेदबेबेची माणसे दुसऱ्या, आधीच्या लाटेतली होती, किंवा तारीख चुकली आहे. मातृवंशाच्या जनुकांवरून ६० हजारांचा आकडा देणारा नवा अभ्यास २०२५ मध्ये आला आहे, त्यामुळे जनुकांचीही साक्ष एकमुखी नाही. तरी एका जागेच्या वाळूपेक्षा अनेक हाडांतून स्वतंत्रपणे निघालेला संकराचा काळ सध्या जड वाटतो.

पापुआ आणि ऑस्ट्रेलियाच्या लोकांत आणखी एक वारसा आहे, डेनिसोवन मानवांचा. ही जात प्रथम ओळखली गेली ती सैबेरियाच्या डेनिसोवा गुहेतल्या करंगळीच्या हाडातून, २०१० मध्ये. पूर्वेकडे निघालेल्यांना वाटेत दुसरेच आप्त भेटले होते. २०१६ मध्ये एका अभ्यासाने पापुआच्या लोकांत याशिवाय किमान २ टक्के वारसा आफ्रिकेतून आधी निघालेल्या लाटेचाही असल्याचे मांडले. त्याच वेळी आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांना तो दिसला नाही.

माणूस अमेरिकेत कधी पोहोचला, ही गोष्ट त्या मानाने थोडक्यात आटोपते. आज प्रश्न उरलाय तो न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणांचा. २०२१ मध्ये त्यांना २१ ते २३ हजार वर्षे वय दिले, पण ते पाणवनस्पतीच्या बियांवरून, आणि पाण्यात विरघळलेला जुना कार्बन शोषून अशा वनस्पती खोटे वय दाखवू शकतात. २०२३ मध्ये जमिनीवरच्या झाडांचे परागकण आणि क्वार्ट्झचे कण वापरून पुन्हा मोजले तेव्हा आकडा तोच आला.

फसलेल्या लाटांबद्दल मात्र एक दुरुस्ती करावी लागते. त्यांचा वारसा आपल्यात नाही म्हणून तो कुठेच नाही असे नव्हे. २०१६ मध्ये सैबेरियातल्या आल्ताई भागातल्या निअँडरथल स्त्रीच्या जीनोममध्ये आधुनिक मानवाचे तुकडे सापडले. २०२४ च्या विश्लेषणात असा प्रवाह २ ते अडीच लाख वर्षांपूर्वीपासून चालू असल्याचे दिसले. स्खूल-मिस्लियासारख्या टोळ्यांची मुले निअँडरथलांत वाढली आणि निअँडरथलांबरोबरच संपली असावीत.

या सगळ्या नकाशात मधोमध भारत आहे, आणि नेमके तिथेच हाडे नाहीत. नर्मदेकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया यांना कवटी मिळाली, पण ती आधुनिक मानवाहून जुन्या जातीची आहे. दक्षिण आशियातली आधुनिक मानवाची सर्वांत जुनी भरवशाची हाडे श्रीलंकेच्या गुहांतली आहेत. भारतात दगड बोलतात, आणि दगडांची भाषा संदिग्ध असते. आंध्रातल्या कुर्नूल भागात ज्वालापुरम इथे सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख जाड थरात आहे. मायकेल पेट्राग्लिया आणि रवी कोरीशेट्टर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की राखेखालची आणि राखेवरची अवजारे सारखीच आहेत. स्फोटातून लोक तगले एवढे खरे. पण ती अवजारे आधुनिक मानवाचीच होती कशावरून? तशा पद्धतीने दगड फोडणे निअँडरथलांनाही येत होते.

महाराष्ट्रात याच राखेचा गुंता पुणे जिल्ह्यात बोरी इथे, कुकडी नदीच्या काठावर आहे. तिथे राखेसोबत हातकुऱ्हाडी मिळाल्या. आर्गॉन वायूवर आधारलेल्या मोजण्यांनी राखेला आधी १४ लाख आणि नंतर ६ लाख ७० हजार वर्षे वय दिले. काचकणांचे रासायनिक विश्लेषण करणाऱ्यांनी ती टोबाची ७४ हजार वर्षांपूर्वीची राखच असल्याचे सांगितले. राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले की आर्गॉनचे वय फुगते. उलट नदीने नवी राख जुन्या हातकुऱ्हाडींवर आणून टाकली असेल तर राखेचे वय अवजारांना लावता येत नाही. अवजारांच्या कर्त्याचे वय लाखो वर्षांनी इकडेतिकडे होते ते असे.

निश्चित पाऊल पडते ते सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीपासून. मध्य प्रदेशात निमाडमधल्या मेहताखेडी इथे डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांना नखाएवढ्या सूक्ष्मास्त्रांचे ४५ हजार वर्षांपूर्वीचे थर मिळाले. श्रीलंकेत तशीच अवजारे ४८ ते ४५ हजार वर्षांपासून दिसतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी खोदलेल्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेला तुकडा आहे, वय सुमारे २५ हजार वर्षे. ४५ हजारांच्या आसपासची ही सुरुवात संकराच्या घड्याळाशी जुळते. २०२५ मध्ये सुमारे २,७०० भारतीयांच्या जीनोमचा अभ्यास आला. त्यानुसार आजच्या भारतीयांचा बहुतेक आफ्रिकेबाहेरचा वारसा सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या एकाच स्थलांतराकडे जातो. याच अभ्यासात निअँडरथलांच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग केवळ भारतीयांमधल्या तुकड्यांतून पुन्हा जोडता आला. ज्वालापुरमची माणसे आपल्या जातीची असतील तर तीही फसलेल्या वाटेवरची ठरतात.

हाडे न मिळण्याला कारणे आहेत. नदीच्या उघड्या गाळात हाड टिकत नाही, जांभ्याची आम्लधर्मी माती ते विरघळवते, आणि उष्णतेत डीएनए तर हाडाच्याही आधी जातो. म्हणून संशोधकांची नजर दातांच्या एनॅमलमधल्या प्रथिनांकडे वळली आहे, कारण ती डीएनएपेक्षा बरीच चिवट असतात. तैवानजवळच्या समुद्रतळातून मच्छिमारांच्या जाळ्यात आलेला पेंगहूचा जबडा डेनिसोवन पुरुषाचा आहे हे २०२५ मध्ये प्रथिनांवरूनच ठरले. तसा एखादा दात नर्मदेच्या किंवा कुर्नूलच्या गाळात मिळाला तर तो कोणत्या जातीचा ते कळू शकेल. पण प्रथिनांत निअँडरथल तुकड्यांची लांबी मोजता येत नाही. तो माणूस संकराच्या आधीचा की नंतरचा, हे मग पुन्हा त्याच्याभोवतीच्या मातीलाच विचारावे लागेल.